वरच्या चार ओळींत आजार लिहावा का?

*नमस्कार ताई,*

*पेरोलमध्ये मी दहा वर्षं काम केलं. त्यातली शेवटची चार वर्षं 850 लोकांचा पगार मी एकटी काढत होते. तीन वर्षांपूर्वी आमवाताचं निदान झालं. हात दुखायचे म्हणून पगार सोडण्याआधीची तपासणी मी मॅक्रो लिहून करायला लागले. दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात व्हायचं. पण पुढे दुखणं फारच वाढलं आणि नोकरी सोडावी लागली. त्याला आता चौदा महिने झाले. औषध लागू पडलंय. सकाळी दीडेक तास बोटं आखडलेली असतात, नंतर दिवसभर ठीक असते. पुन्हा अर्ज करायचेत. रेझ्युमेच्या वरच्या प्रोफेशनल समरीत मी असं लिहिलंय:*

*"पेरोल क्षेत्रातला दहा वर्षांचा अनुभव. आमवातासारख्या आजाराशी झुंज देत असूनही कामात कधीही कसूर केली नाही. आजारपणाने मला चिकाटी, सहनशीलता आणि माणसांची कदर करायला शिकवलं. आता तब्येत पूर्ण बरी असून नव्या जोमाने काम करायला उत्सुक आहे."*

*मैत्रीण म्हणते, लिही, प्रामाणिकपणा दिसतो. भाऊ म्हणतो, एक अक्षर लिहू नकोस. हेच ऑनलाइन प्रोफाइलवरही टाकायचंय. लिहू का? लिहायचं तर कसं?*

*– एक वाचक*

ताई म्हणालात, म्हणून मोकळेपणाने लिहिते. समरीपुरतं तुमच्या भावाचं बरोबर आहे. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची गोष्ट दिसली ती त्या दोघांनाही दिसलेली नाही आणि तुमच्या मसुद्यातही ती नाही. ती म्हणजे तुमचा मॅक्रो, स्प्रेडशीटमधलं तेच ते काम आपोआप करणारा तुमचा छोटा प्रोग्राम. त्याच्याकडे येतेच. आधी तो मसुदा माणसं कशी वाचतात ते सांगते, कारण भरतीच्या कामात असे शेकडो मसुदे मी वाचले आहेत.

तुमच्या चार वाक्यांत पस्तीस शब्द आहेत. त्यातले तुम्ही काय काम केलंत हे सांगणारे शब्द पाच, तेही पहिल्या वाक्यात. उरलेल्या तीसांत आजार आहे, आजाराने शिकवलेले गुण आहेत आणि तब्येतीचं आश्वासन आहे. रेझ्युमे चाळणाऱ्या माणसासमोर त्या दिवशी कितीतरी अर्ज असतात. वरच्या ओळींत तो एकच गोष्ट शोधत असतो: आपल्याकडे जे काम पडलंय ते ही व्यक्ती करू शकेल का? त्या प्रश्नाचं उत्तर त्याला पाच शब्दांत मिळतं आणि न विचारलेल्या प्रश्नाचं तीस शब्दांत. मग तो जे हाताशी आहे त्याचाच विचार करत बसतो. पेरोल बाजूला राहतं आणि आमवात म्हणजे नेमकं काय, रजा किती लागतील, महिनाअखेरीला ही बाई आजारी पडली तर पगार कोण काढणार, हे सुरू होतं. तो दुष्ट असतो असं नाही. तुम्हीच त्याच्या हातात तो धागा दिलेला असतो आणि तुम्ही समोर नसल्यामुळे त्याच्या शंकांना उत्तर द्यायला कुणी नसतं.

"असूनही" हा शब्द तर मी दिसेल तिथे खोडते. "आजार असूनही कसूर केली नाही" या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे, की आजारी माणसाकडून कसूर होणारच होती. वाचणाऱ्याच्या मनात तो ग्रह नसेल तर तो आपणच पेरतो, आणि असेल तर त्याला दुजोरा देतो. "झुंज", "मात", "खचून न जाता" यांचंही तेच. एखाद्या लेखात किंवा भाषणात हे शब्द मनापासून येतात आणि शोभतात. पण पगाराच्या हिशेबासाठी माणूस शोधणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की इथे काहीतरी मोठं संकट होतं, आणि कदाचित अजून आहे.

हे मी स्वतःवरून शिकले. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, लहानपणापासून. पहिल्या काही अर्जांत मी ते समरीच्या दुसऱ्याच ओळीत लिहीत होते, तुमच्या मैत्रिणीसारखाच विचार करून. एका मुलाखतीत चाळीस मिनिटांपैकी निम्मा वेळ कानावर गेला. फोन घेता येतो का, गोंगाटात काय करता, घरच्यांना त्रास होत नाही ना. मी आणलेल्या कामाच्या नमुन्यांची फाइल तशीच मांडीवर राहिली, उघडलीच गेली नाही. त्यानंतर मी ती ओळ काढली. आता खोलीत शिरल्यावर म्हणते, "मी या बाजूला बसते, मला उजव्या कानाने ऐकू येतं," आणि खुर्ची सरकवते. दहा सेकंदांत विषय संपतो.

माझ्या एकटीच्या अनुभवावर जाऊ नका. अमेरिकेत रटगर्स आणि सिराक्यूज विद्यापीठांतल्या संशोधकांनी याच प्रश्नावर एक मोठा प्रयोग केला, तो 2015 साली पुढे आला. त्यांनी अकाउंटंटच्या 6,016 जागांसाठी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले. एक तृतीयांश अर्जांसोबतच्या पत्रात अपंगत्वाचा उल्लेख नव्हता, एक तृतीयांशांत मज्जारज्जूच्या दुखापतीचा होता आणि उरलेल्यांत ऑटिझमच्या एका प्रकाराचा, अ‍ॅस्पर्जर सिंड्रोमचा. या दोन्हींमुळे हिशेबाच्या कामात अडचण येण्याचं कारण नव्हतं. म्हणून तर ते निवडले होते. तरीही उल्लेख असलेल्या अर्जांना मालकांकडून 26 टक्के कमी प्रतिसाद आला. तुमच्या दृष्टीने त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: हा फरक नवख्यांपेक्षा अनुभवी उमेदवारांच्या बाबतीत जास्त दिसला. म्हणजे भरपूर अनुभव असला की बाकीचं झाकलं जातं, हा आपला समज तिथे खरा ठरला नाही. आणखी एक. तिथला 1990चा अपंगत्वविषयक कायदा पंधरापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना लागू होत नाही, आणि अशा छोट्या कंपन्यांत ही तफावत अधिक ठळक होती.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर त्यातली एक बाजू सांगते. त्याच अमेरिकी कायद्यानुसार नोकरी देऊ करण्याआधी मालकाला अपंगत्वाबद्दल विचारता येत नाही. ब्रिटनमध्येही 2010च्या समानता कायद्याने, काही अपवाद सोडता, त्या टप्प्याआधी तब्येतीचे प्रश्न विचारण्यावर बंधन घातलं आहे. प्रत्येक देशात नियम सारखे नाहीत, पण या नियमांमागचा विचार सगळीकडे कामाचा आहे: आधी कामाची पारख होऊ दे, तब्येतीचं नंतर बघू. आपण समरीतच निदान लिहिलं की तो क्रम आपल्याच हाताने उलटा होतो. शिवाय अर्जाच्या पायरीवर नकार मिळाला तर बहुतेक वेळा त्याचं कारण कळतच नाही. कुणी फोन केला नाही, एवढंच कळतं. त्याविरुद्ध दाद मागायची तरी कशी?

आता मैत्रिणीचा मुद्दा. न लिहिणं म्हणजे लपवणं नव्हे. समरी हे शपथपत्र नाही. त्यात तुमचं लग्न झालंय का, चष्मा आहे का, हेही नसतं. खोटं मात्र कुठेच बोलायचं नाही, आणि गंमत अशी की तुमच्या मसुद्यात खोटं आहे ते आजार लपवण्याच्या बाजूने नाही, सांगण्याच्या बाजूने आहे. "आता तब्येत पूर्ण बरी असून." आमवात आटोक्यात येतो. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं शांत राहतो. पण "पूर्ण बरी" हे कुठलाही डॉक्टर तुम्हाला लिहून देणार नाही. उद्या रुजू झाल्यावर पुन्हा सूज आली आणि तुम्ही सकाळी उशिरा येण्याची सवलत मागितली, तर समोरचा तोच कागद काढून विचारेल, तुम्ही तर बरी म्हणाला होतात. ज्या वाक्याने विश्वास मिळवायला गेलात त्यानेच तो जाईल. ते वाक्य आजच काढा, बाकी काही ठरो न ठरो.

मॅक्रोकडे येते. तुम्ही हात दुखतात म्हणून तपासणीची पद्धत बदललीत. माझ्या अंदाजाने, एकेक ओळ माऊसने खाली ओढत ताडून पाहण्याऐवजी मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा पगार शेजारी ठेवून फरक शोधणारा मॅक्रो लिहिलात. त्यात हजेरीतल्या चुका, दोनदा लागलेली कपात, राहून गेलेली थकबाकी असं सगळं सापडत असणार. दोन दिवस अर्ध्या दिवसावर आले. हे कुठल्याही पेरोल प्रमुखाला खुर्चीत सरळ बसवणारं वाक्य आहे. आणि त्यात हाताचा उल्लेख करायची काडीचीही गरज नाही. पद्धत का बदलली हे तुमचं. पद्धत बदलून काय झालं हे त्यांच्या कामाचं.

दीर्घ आजारात माणसं असं खूप काही करतात. थकवा येतो म्हणून कामाचा क्रम लावतात, विसरायला होतं म्हणून नोंदी चोख ठेवतात, अचानक रजा पडेल या भीतीने प्रत्येक फाइल अशी लावून ठेवतात की दुसऱ्याने उचलून पुढे न्यावी. समरीत लिहायला घेतलं की हे सगळं "चिकाटी" आणि "सहनशीलता" या दोन शब्दांत गुंडाळलं जातं आणि वाया जातं. चिकाटी सगळेच लिहितात. अर्ध्या दिवसात 850 लोकांची तपासणी कोण लिहितं?

तुमच्या पत्रातल्याच गोष्टी घेऊन मी अशी समरी केली:

"पेरोलमध्ये दहा वर्षांचा अनुभव, शेवटची चार वर्षं 850 कर्मचाऱ्यांचं मासिक पगारपत्रक एकहाती. पगार सोडण्याआधीची तपासणी मॅक्रोने करण्याची पद्धत बसवून दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आणलं. हजेरी, कपाती आणि थकबाकीचा ताळमेळ ही खास बाजू. पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध."

तिसरं वाक्य मी अंदाजाने लिहिलंय, तिथे तुमची खरी खास बाजू घाला. चौथ्यातले "पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध" हे शब्द मुद्दाम ठेवलेत. खंड पाहून वाचणाऱ्याला पडणारा प्रश्न तोच असतो, आणि त्याचं उत्तर तब्येतीचं नाव न घेता, खरं बोलून देता येतं. अट एवढीच की ते खरं असावं. सध्या सहा तासच झेपत असतील तर "अर्धवेळ किंवा लवचीक वेळेच्या कामासाठी" असं लिहा. सकाळची ती वेळ टाळण्यासाठी घरून कामाची सोय असल्याशिवाय तुम्ही नोकरी घेणारच नसाल, तर तेही इथेच एका ओळीत लिहा: "आठवड्यातले काही दिवस घरून काम असलेल्या जागेला प्राधान्य." ही अट आज कितीतरी निरोगी माणसंही घालतात. पण ती सोय असली तर बरी, नसली तरी चालेल असं असेल तर समरीत घालू नका, पुढे बोलता येतं.

हा नवा मसुदा बरोबर आहे की नाही हे ताडायची माझी एक साधी रीत आहे. वाक्यातला आजाराचा किंवा त्रासाचा भाग बोटाने झाका. उरलेल्या शब्दांतून कामाबद्दल काही कळत असेल तर ते उरलेलंच लिहा. काहीच कळत नसेल तर ते वाक्यच समरीतलं नव्हे. तुमचं तिसरं वाक्य झाकून बघा, "चिकाटी, सहनशीलता आणि माणसांची कदर" एवढंच उरतं, आणि ते कुणीही कुणाबद्दलही लिहू शकतं.

मग समरीत अपंगत्व किंवा आजार कधीच लिहू नये का? तसं मी म्हणत नाही. ते स्वतःच कामाची पात्रता असेल तर ते लिहायलाच हवं, आणि ठामपणे. वेबसाइट आणि अ‍ॅप अंध वापरकर्त्यांना वापरता येतात का हे तपासणारी व्यक्ती स्वतः रोज स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करत असेल, तर ती तिच्या समरीची पहिली ओळ आहे. रुग्णांना आधार देणाऱ्या संस्थेत समुपदेशक घेताना तो आजार स्वतः अनुभवलेला माणूस मुद्दाम शोधतात. तिथे लिहिलं नाही तर नुकसान. तेव्हाही वाक्य कामाचंच असावं: "वीस वर्षं स्क्रीन रीडर वापरणारी अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टर," असं. "अंधत्वावर मात करून" असं नव्हे. तुम्हाला उद्या आमवाताच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचा हिशेब सांभाळायची जागा दिसली, तर त्या एका अर्जासाठी मीही तुमच्या समरीत एक ओळ घालीन.

संपर्काचीच अडचण असेल तर ती समरीत नको, फोन नंबरच्या शेजारी हवी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी तिथे "कृपया मेसेज किंवा ईमेल करा" एवढंच लिहिलं की पुरतं. राखीव जागेसाठी अर्ज असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि फॉर्मातला ठरलेला रकाना असतो, ते तिथे भरायचं. कित्येक फॉर्मांत अपंगत्वाचा प्रश्न असतो आणि त्यात "सांगू इच्छित नाही" असाही पर्याय असतो; तो निवडणं खोटं बोलणं नव्हे, पण "नाही" यावर खूण करणं खोटं ठरू शकतं. आणि जिथे इतरांच्या जिवाशी संबंध येतो, वाहन चालवणं, उंचीवरचं काम, अवजड यंत्रं, तिथे वैद्यकीय तपासणीत सगळं सांगणं भाग आहे. समरी त्याची जागा तिथेही नाही.

एक वेगळा विचार करणारीही माणसं मला भेटली आहेत आणि मला त्यांचा आदर वाटतो. ती म्हणतात, मी आधीच लिहिणार. ज्याला हे वाचून फोन करावासा वाटत नाही त्याच्याकडे मला काम करायचंच नाही. चाळणी मी लावणार, त्यांनी नव्हे. हे अगदी योग्य आहे, फक्त ही चाळणी कुणाला परवडते ते पाहा. हातात नोकरी आहे, घाई नाही, वर्षभर थांबता येतं, अशा माणसाला ती परवडते. चौदा महिने घरी बसलेल्या माणसाकडे मुळात किती फोन येणार आहेत आणि त्यातले किती गाळणं परवडेल, हा हिशेब तुम्ही मला शिकवाल. मला विचाराल तर तुम्ही ही चाळणी मुलाखतीनंतर लावा. तिथे तुम्हाला समोरच्याचा चेहराही दिसतो.

आता चौदा महिन्यांचा खंड. तो समरीत नाही, अनुभवाच्या भागात, तारखांच्या क्रमात येऊ दे. "करिअरमधील खंड" असं लिहून महिने आणि वर्षं द्या, जमल्यास खाली एक ओळ: त्या काळात काही शिकलात का, कुणाचे हिशेब पाहिलेत का. काही केलं नसेल तर ओळ रिकामी राहू दे. "वैयक्तिक सल्लागार" वगैरे लिहून ती जागा भरू नका; आधीच्या नोकरीच्या तारखा पडताळल्या जातात आणि अशा सल्लागारांकडे ग्राहकांची नावं मागितली जातात. मुलाखतीत विचारलं तर एक वाक्य तयार ठेवा आणि घरी चार वेळा मोठ्याने म्हणा: "तब्येतीच्या कारणाने थांबले होते, आता उपचार नीट बसलेत आणि हे काम मी करू शकते." निदानाचं नाव नाही, "पूर्ण बरी" नाही. आणि त्याच दमात मॅक्रोवर या.

ऑनलाइन प्रोफाइलची गोष्ट मात्र रेझ्युमेपेक्षा गंभीर आहे, आणि तुम्ही दोन्ही एकाच दमात लिहिलंत म्हणून सांगते. रेझ्युमे तुम्ही एका माणसाला पाठवता. तो उद्या बदलता येतो, दुसऱ्याला वेगळा पाठवता येतो. प्रोफाइल कुणीही, कधीही वाचतं: जुने सहकारी, पुढच्या नोकरीतले लोक, ज्यांना तुम्ही अजून भेटलाही नाहीत असे. तिथला मजकूर खोडता येतो, पण कुणी तो उतरवून ठेवला तर खोडता येत नाही. लिंक्डइनवर 2022पासून करिअरमधला खंड दाखवायची स्वतंत्र सोय आहे. त्यात खंडाचा प्रकार निवडायची यादी येते आणि त्या यादीत `Health and well-being` हा पर्यायही आहे. तो निवडला की ते शब्द तुमच्या प्रोफाइलवर सगळ्यांना दिसतात. पुष्कळ जण तो फॉर्म भरल्यासारखा भरून टाकतात आणि मग चकित होतात. तुम्ही अजून नोकरीच्या शोधात आहात तोवर तो निवडू नका. नोकरीत स्थिरावल्यावर तुम्हाला आमवाताबद्दल उघड लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, आणि माझ्यापर्यंत पोचवा.

तर मग सांगायचं कधी? तुमच्या बाबतीत पहिली खरी वेळ बहुधा मुलाखतीचा फोन आल्यावर येईल. पेरोलच्या जागेसाठी बऱ्याचदा स्प्रेडशीटवर एक प्रत्यक्ष चाचणी घेतात, ठरलेल्या वेळात. ती सकाळी नऊला ठेवली तर तुमची बोटं तेव्हा तुमचं ऐकणार नाहीत आणि चाचणी तुमच्या पेरोलची न होता सांध्यांची होईल. इथे गप्प राहिलात तर नुकसान तुमचंच. आधी नुसती वेळ मागा: "मला अकरानंतरची वेळ सोयीची होईल, शक्य आहे का?" बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं, कारण वेळ सगळेच मागतात. नऊचीच वेळ आहे असं उत्तर आलं, तर मग लिहा:

"हाताच्या सांध्यांच्या त्रासामुळे सकाळच्या वेळी माझा टायपिंगचा वेग कमी असतो, दहा-साडेदहानंतर तो नेहमीसारखा होतो. चाचणी अकरानंतर ठेवावी किंवा सकाळी असल्यास वाढीव वेळ द्यावा, ही विनंती."

बघा, यातही आजाराचं नाव नाही. काय होतं, कधी होतं, आणि काय केलं म्हणजे अडचण राहत नाही, एवढंच आहे. नाव सांगितलं की समोरचा माणूस ते शोधायला जातो आणि त्याला त्या आजाराची सगळ्यात वाईट छायाचित्रं दिसतात. बोटांचा वेग सांगितला की तो घड्याळाकडे पाहतो.

दुसरी वेळ म्हणजे लेखी ऑफर हातात आल्यावर, रुजू होण्याआधी. तोवर त्यांनी तुम्हाला कामासाठी निवडलेलं असतं आणि आता प्रश्न फक्त व्यवस्थेचा असतो. तेव्हा तुमच्या थेट वरिष्ठांशी बोला आणि नेमकं मागा. साडेदहाला सुरुवात करून संध्याकाळी तितकंच उशिरा थांबणं. हाताला सोसेल असा कीबोर्ड आणि उभा माऊस. दवाखान्याच्या तारखा महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घेईन, पगाराच्या आठवड्यात घेणार नाही, हेही आपणहून सांगा. पेरोल चालवणाऱ्या माणसाची खरी भीती तीच असते, आणि ती तुमच्याइतकी कुणाला माहीत आहे? हे बोलून झालं की त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल पाठवून ठेवा, काय ठरलं त्याची. वरिष्ठ बदलतात, तेव्हा ती ईमेल उपयोगी पडते.

आणि मॅक्रोची एक प्रत, खरे आकडे आणि नावं पूर्ण काढून, खोट्या दहा-वीस ओळींवर चालेल अशी तयार ठेवा. जुन्या कार्यालयाची फाइल वापरू नका, नव्याने लिहा. मुलाखतीला लॅपटॉप नेता आला तर तिथे चालवून दाखवा.